छज्जा किती बाहेर काढावा? दक्षिणेच्या एका खिडकीसाठी मॉडेलवर केलेला सूर्य-सावलीचा अभ्यास

घराच्या नकाशात खिडकीवरचा छज्जा बहुतेक वेळा सवयीने ६०० मिलिमीटर, म्हणजे दोन फूट, असा लिहिला जातो. तो कधी पुरतो, कधी कमी पडतो आणि कधी हिवाळ्यातले हवेहवेसे ऊनही अडवून बसतो. इमारतीचे त्रिमितीय मॉडेल तयार असेल, तर त्यावर सूर्य फिरवून हा आकडा दोन-तीन तासांत नीट तपासता येतो. मात्र दुपारी बाराची एक सावली पाहून समाधान मानले, तर तेच मॉडेल चुकीच्या आकड्याला खात्रीचे रूप देते. म्हणून पुण्यातल्या एका दक्षिणाभिमुख खिडकीचे उदाहरण घेऊन हा अभ्यास कसा करावा, आणि तो करताना उत्तर कसे बदलत जाते, हे पुढे सविस्तर मांडले आहे.

खिडकी १.५ मीटर रुंद आणि १.२ मीटर उंच आहे. छज्ज्याची खालची कड खिडकीच्या माथ्यापासून १५० मिलिमीटर वर आहे, म्हणजे ती सिलपासून १.३५ मीटर उंचीवर येते. काच भिंतीच्या बाहेरच्या पृष्ठभागापासून १०० मिलिमीटर आत बसवली आहे, आणि छज्जा खिडकीच्या दोन्ही बाजूंना १५० मिलिमीटर पुढे गेला आहे. आपल्याकडच्या बांधकामात अशी खिडकी सगळीकडे दिसते.

कोणते ऊन अडवायचे, हे आधी ठरवावे

मॉडेल उघडण्यापूर्वी दोन गोष्टी कागदावर लिहून ठेवाव्यात: कोणत्या तारखेपर्यंत काचेवर ऊन नको आहे, आणि दिवसाच्या कोणत्या वेळेपर्यंत. हे न ठरवता सावल्या पाहत बसले, तर प्रत्येक तारखेला वेगळे चित्र दिसते आणि शेवटी जे चित्र डोळ्यांना बरे वाटते, त्यावर निर्णय होतो.

पुण्यात दक्षिणेच्या भिंतीसाठी एप्रिल आणि मे हे महिने अडचणीचे नसतात, हे अनेकांना पटत नाही. पुण्याचा अक्षांश १८.५२ अंश उत्तर असल्यामुळे मे महिन्याच्या मध्याला माध्यान्हीचा सूर्य थेट डोक्यावर येतो, आणि तेव्हापासून जुलैच्या अखेरीपर्यंत तो दुपारी किंचित उत्तरेकडे असतो. त्या काळात दक्षिणेच्या भिंतीवर दुपारचे थेट ऊन जवळजवळ पडतच नाही. पडते ते उत्तरेच्या आणि मुख्यतः पश्चिमेच्या भिंतीवर. दक्षिणेच्या खिडकीची खरी परीक्षा ऑक्टोबरमध्ये होते. पाऊस ओसरलेला असतो, आकाश निरभ्र असते, हवा तापलेली असते आणि सूर्य दक्षिणेकडे कलू लागलेला असतो. म्हणून या खिडकीसाठी १५ ऑक्टोबर ही सीमा धरली, आणि वेळ धरली सकाळी ९:२० ते दुपारी ३:२०. या वेळा विचित्र वाटतील, पण १५ ऑक्टोबरला पुण्यात सूर्य माथ्यावर येतो तो घड्याळाच्या १२:२० च्या सुमारास, आणि त्याच्या आगेमागे तीन-तीन तास घेतले की याच वेळा मिळतात.

सीमा ठरवताना एक मर्यादा मान्य करावी लागते. सूर्याचा आकाशातला मार्ग २१ डिसेंबरच्या दोन्ही बाजूंना जवळजवळ सारखाच असतो. त्यामुळे १५ ऑक्टोबरला जी सावली पडते, तीच फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यातही पडते. छज्जा एकदा ओतला की त्याला या दोन महिन्यांत फरक करता येत नाही. पुण्यात फेब्रुवारीच्या शेवटी दुपारचे ऊन नकोसेच होऊ लागते, म्हणून ही तडजोड इथे चालून जाते. ज्या गावी फेब्रुवारीतही थंडी टिकते, तिथे सीमेची तारीख अलीकडे आणावी लागेल.

मॉडेलमध्ये काय असावे आणि काय नसावे

या अभ्यासासाठी देखणे मॉडेल लागत नाही, मापाने खरे मॉडेल लागते. सर्वांत जास्त आढळणारी चूक म्हणजे काच भिंतीच्या बाहेरच्या पृष्ठभागावरच रंगवणे. प्रत्यक्षात काच आत असते आणि तेवढी खोली छज्ज्याच्या उपयोगात भर घालते. आपल्या खिडकीत ६०० मिलिमीटरचा छज्जा काचेपासून मोजला तर ७०० मिलिमीटर भरतो, आणि हा फरक निकाल बदलण्याइतका मोठा आहे. म्हणून भिंतीची जाडी, काचेची जागा, छज्ज्याच्या कडेची जाडी आणि तिची खालची पातळी ही मापे अचूक द्यावीत. ग्रिल, हँडल, फर्निचर हे सगळे वगळले तरी चालते.

काचेला पारदर्शक रंग देऊ नये. स्केचअपसारख्या सॉफ्टवेअरमध्ये पारदर्शक पृष्ठभागावर सावली नीट दिसत नाही. काचेच्या जागी साधा अपारदर्शक पांढरा पृष्ठभाग ठेवावा आणि त्यावर १०० मिलिमीटरच्या चौकटी आखाव्यात. या खिडकीवर १५ आडव्या आणि १२ उभ्या अशा १८० चौकटी होतात. उन्हातल्या चौकटी मोजल्या की किती काच उन्हात आहे, हे अंदाजाने नव्हे तर आकड्यात कळते.

समोरची आणि बाजूची इमारत साध्या ठोकळ्यांच्या रूपात मॉडेलमध्ये आणावी. झाडे मात्र छज्ज्याचा निर्णय घेताना धरू नयेत, कारण झाड तोडले जाऊ शकते आणि छज्जा नंतर वाढवता येत नाही.

स्थान, वेळ आणि उत्तर दिशा

स्केचअपमध्ये `Shadows` पॅनलवर `UTC+05:30` निवडावे आणि मॉडेलचे स्थान पुण्याचे असल्याची खात्री करावी. रुबी कन्सोलमधून हेच थेट देता येते:

```ruby
s = Sketchup.active_model.shadow_info
s["Latitude"]  = 18.52
s["Longitude"] = 73.86
s["TZOffset"]  = 5.5
```

हे झाल्यावर लगेच छज्ज्याकडे वळू नये. मोकळ्या जमिनीवर एक मीटर उंचीचा बारीक खांब उभा करावा आणि २१ डिसेंबर, दुपारी १२:३३ ही वेळ द्यावी. खांबाची सावली बरोबर उत्तरेला पडली पाहिजे आणि तिची लांबी सुमारे ०.९० मीटर भरली पाहिजे. मग २१ मार्च, १२:४२ ही वेळ द्यावी. सावली पुन्हा उत्तरेलाच, पण केवळ ०.३३ ते ०.३४ मीटर लांब असावी. लांबी चुकली तर अक्षांश किंवा तारीख चुकलेली असते. लांबी जवळपास बरोबर पण दिशा चुकली, तर वेळेच्या पट्ट्याकडे किंवा उत्तरेकडे संशय घ्यावा. पट्टा साडेपाचऐवजी पाच तासांचा राहिला असेल, तर डिसेंबरच्या त्या वेळी सावली उत्तरेपासून सुमारे दहा अंश पूर्वेला झुकते, आणि बरोबर उत्तरेला ती १२:०३ वाजताच येऊन गेलेली असते. ही खूण लक्षात ठेवली तर चूक दोन मिनिटांत सापडते.

उत्तर दिशेबाबत मी अधिक आग्रही आहे. पुष्कळ नकाशांत उत्तरेचा बाण कागदाच्या सोयीने सरळ वर काढलेला असतो आणि इमारत प्रत्यक्षात दहा-पंधरा अंश फिरलेली असते. रेव्हिटमध्ये तर `Project North` आणि `True North` या दोन वेगळ्या दिशा असतात, आणि सावलीच्या अभ्यासाला दुसरीच लागते. होकायंत्र वापरायचे असेल, तर सळईने भरलेल्या खांबांपासून आणि उभ्या गाड्यांपासून दूर उभे राहून वाचन घ्यावे. महाराष्ट्रात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत फारसा फरक नाही, पण लोखंडाजवळ सुई कितीही भरकटू शकते. उपग्रह-छायाचित्रावर प्लॉटची हद्द किंवा शेजारच्या इमारतीची लांब भिंत जुळवून दिशा ठरवणे मला अधिक भरवशाचे वाटते.

भिंतीतला दांडा: दोन आकडे

आता एक सोपी युक्ती करावी. मॉडेलमध्ये खिडकीशेजारच्या कोऱ्या भिंतीतून एक मीटर लांबीचा बारीक दांडा काटकोनात, आडवा बाहेर काढावा. त्याच्या टोकाची सावली भिंतीवर कुठे पडते, हे पाहून दोन मापे घ्यावीत: दांड्यापासून ती किती खाली आहे, आणि किती बाजूला सरकली आहे. पहिल्या मापाला आपण उतार म्हणू आणि दुसऱ्याला सरक. एक मीटर छज्जा त्या क्षणी किती मीटर काच झाकेल, हे उतार सांगतो. छज्ज्याची सावली खिडकीवरून बाजूला किती निसटेल, हे सरक सांगते.

१५ ऑक्टोबरला १२:२० वाजता पुण्यातल्या दक्षिण भिंतीवर उतार १.९६ मीटर मिळतो आणि सरक शून्य. कड ते सिल ही उंची १.३५ मीटर आहे, तिला १.९६ ने भागले की ०.६९ मीटर येतात. त्यातून काच आत असल्याचे ०.१० मीटर वजा केले की छज्जा ०.५९ मीटर हवा, असे उत्तर निघते. म्हणजे ६०० मिलिमीटर! मॉडेलवरही खिडकी पूर्ण सावलीत दिसते, आणि अनेक अभ्यास इथेच थांबतात.

पण घड्याळ ३:२० वर नेले की उतार १.७० मीटरवर येतो. २१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या सुमारास दक्षिण भिंतीवरचा उतार दिवसभर जवळजवळ तेवढाच, ३ मीटरच्या आसपास, राहतो. त्यामुळे त्या दिवशी दुपारची तपासणी पुरेशी ठरते. सप्टेंबरनंतर मात्र माध्यान्हापासून जितके दूर जावे तितका उतार कमी होत जातो. म्हणूनच ऑक्टोबरमध्ये दुपारची सावली ही सर्वांत अनुकूल सावली असते आणि तिच्यावर छज्जा ठरवणे धोक्याचे असते. ३:२० च्या उतारासाठी छज्जा ०.६९ मीटर लागतो. तो ६०० मिलिमीटरच ठेवला तर सिलजवळ सुमारे १६० मिलिमीटर उंचीची उन्हाची पट्टी राहते.

इथवर आलेला माणूस साहजिकच म्हणतो की छज्जा ७५० करू या. मॉडेलवर चौकटी मोजल्याशिवाय तसे करू नये, कारण खरी गोष्ट सरकेत दडलेली आहे.

छज्जा खोल, पण आखूड

३:२० वाजता सरक १.९३ मीटर आहे. सूर्य तेव्हा दक्षिणेपासून ६० अंशांहून जास्त पश्चिमेला गेलेला असतो, आणि ऊन छज्ज्याच्या पुढच्या कडेखालून जितके येते, त्याहून कितीतरी जास्त त्याच्या पश्चिमेच्या टोकाखालून तिरके आत शिरते. सिलवरच्या एखाद्या बिंदूवरून सूर्याकडे रेघ ओढली, तर ती छज्ज्याच्या पातळीला पोहोचेपर्यंत १.५३ मीटर पश्चिमेला गेलेली असते. आपला छज्जा तर खिडकीपलीकडे फक्त १५० मिलिमीटर गेला आहे.

मॉडेलमध्ये खिडकीसमोर काटकोनात उभे राहून, `Parallel Projection` लावून पाहिले की चित्र स्पष्ट होते. काचेवर खाली रुंद आणि वर निमुळता होत जाणारा उन्हाचा त्रिकोण दिसतो. पश्चिमेच्या चौकटीला लागून भिंतीच्या जाडीमुळे सुमारे १९० मिलिमीटर रुंदीची उभी सावली असते, आणि तिच्या पुढे त्रिकोण सुरू होतो. ६०० मिलिमीटरच्या छज्ज्यासाठी एकूण १.८ चौरस मीटर काचेपैकी सुमारे ०.६५ चौरस मीटर, म्हणजे ३६ टक्के, उन्हात राहते. केवळ उताराच्या सूत्राने पाहिले असते तर १६० मिलिमीटरची पट्टी एवढेच कळले असते.

आता छज्जा ७५० करून पुन्हा चौकटी मोजाव्यात. सिलजवळची पट्टी जाते, पण त्रिकोण जसाच्या तसा राहतो, कारण तो छज्ज्याच्या खोलीतून नव्हे, टोकातून तयार झालेला असतो. उन्हातली काच ३६ टक्क्यांवरून फक्त ३४ टक्क्यांवर येते. १५० मिलिमीटर जास्त काँक्रीट, जास्त सळई आणि जास्त भार घेऊन एवढाच लाभ होतो.

त्याऐवजी छज्जा ६०० वरच ठेवून खिडकीच्या फक्त पश्चिमेच्या कडेला, छज्ज्यापासून सिलपर्यंत, ३०० मिलिमीटर बाहेर आलेली एक उभी फिन द्यावी. काचेपासून तिची खोली ४०० मिलिमीटर होते आणि ३:२० वाजता ती काचेचा सुमारे ७७० मिलिमीटर रुंदीचा भाग झाकते. पुन्हा मोजले की उन्हातली काच सुमारे ११ टक्के उरते. फिन काँक्रीटचीच हवी असे नाही. पातळ फेरोसिमेंटची, दगडी फरशीची किंवा चौकटीत बसवलेल्या सिमेंट बोर्डाची फिनही तेच काम करते. जिथे खिडक्या शेजारीशेजारी आहेत, तिथे छज्जा सलग ठेवणे हाही चांगला उपाय आहे. मात्र एका सुट्या खिडकीसाठी छज्जा पश्चिमेला ६०० मिलिमीटर लांबवला तरी त्रिकोणाचा काही भाग उरतोच.

पूर्वेच्या कडेला फिन देण्याचा मोह टाळावा. सकाळी ९:२० ला त्रिकोण आरशात पाहिल्यासारखा पूर्वेकडून येतो हे खरे, पण तेव्हा हवा आणि भिंती रात्रीच्या गारव्यातून आलेल्या असतात. शिवाय हिवाळ्यातले सकाळचे ऊन याच वाटेने आत यायला हवे.

हिवाळ्याची उलट तपासणी

ऊन अडवण्याचा हिशेब झाला की २१ डिसेंबर लावून ऊन आत येते का, हेही पाहिलेच पाहिजे. त्या दिवशी १२:३३ वाजता सूर्य ४८ अंश उंचीवर असतो आणि उतार १.११ मीटर मिळतो. ६०० च्या छज्ज्याखाली काचेचा खालचा सुमारे ५७० मिलिमीटर भाग, म्हणजे जवळजवळ अर्धी काच, उन्हात राहते. ७५० च्या छज्ज्याखाली हाच भाग ४०० च्या आसपास येतो. खोल छज्ज्याने ऑक्टोबरात दोन टक्के कमावले आणि डिसेंबरात सुमारे १४ टक्के गमावले, हे या दोन आकड्यांवरून दिसते. या खिडकीसाठी मी ६०० मिलिमीटरचा छज्जा आणि पश्चिमेला ३०० मिलिमीटरची फिन असाच निर्णय घेईन.

प्रत्येक तारीख-वेळेचे दृश्य स्केचअपमध्ये स्वतंत्र `Scene` म्हणून जतन करावे आणि त्यात `Shadow Settings` हा पर्याय टिकवून ठेवावा. नाहीतर पुढच्या आठवड्यात दृश्य उघडले की त्यात कोणती वेळ होती हेच कळत नाही. या उदाहरणाला चार दृश्ये पुरतात: १५ ऑक्टोबरची तीन आणि २१ डिसेंबरचे एक.

भिंत फिरलेली असेल, किंवा पश्चिमेची असेल

वरचे सगळे आकडे भिंत बरोबर दक्षिणेला तोंड करून आहे, असे धरून काढले आहेत. तीच भिंत १५ अंश पश्चिमेकडे फिरलेली असेल, तर ३:२० चा उतार १.७० वरून १.१६ वर येतो आणि लागणारा छज्जा ०.६९ वरून १.०६ मीटरवर जातो. उत्तरेच्या बाणाबद्दलचा माझा आग्रह यासाठीच होता. १५ अंशांच्या चुकीने संपूर्ण निर्णय बदलतो.

पश्चिमेच्या भिंतीसाठी तर छज्ज्याच्या खोलीचा प्रश्न लवकर सोडून द्यावा. १५ एप्रिलला दुपारी ४:३५ वाजता पश्चिमेच्या भिंतीवरचा उतार केवळ ०.६१ मीटर असतो, आणि अशीच खिडकी झाकायला दोन मीटरहून मोठा छज्जा लागतो. तासाभराने तो चार मीटरच्या पुढे जातो. तिथे बाहेरून लावलेली बांबूची चीक, जाळी, उभ्या पट्ट्या, खोल व्हरांडा किंवा मुळातच लहान खिडकी हे उपाय खरे. मॉडेलचा उपयोग त्यांची तुलना करण्यासाठी करावा.

सावलीचा अभ्यास फक्त थेट ऊन दाखवतो. आकाशातून आणि समोरच्या पांढऱ्या भिंतीवरून किंवा फरशीवरून परावर्तित होऊन येणारी उष्णता त्यात येत नाही. पूर्ण सावलीतली काचही तापू शकते, आणि खोलीचे तापमान किती उतरेल हे या चित्रांवरून सांगू नये. तसेच छज्जा इमारतीच्या मोकळ्या अंतरात किती पुढे येऊ शकतो, यावर स्थानिक बांधकाम नियमावलीत मर्यादा असते; ती मॉडेल सुरू करण्यापूर्वी पाहून ठेवावी.

सेंटरिंग लावण्याआधी

भिंत उभी राहिली आणि छज्ज्याचे सेंटरिंग लागायचे आहे, अशा वेळी साइटवर मॉडेलची एक शेवटची परीक्षा घेता येते. खिडकीशेजारी भिंतीत ३० सेंटिमीटर लांबीचा सरळ दांडा काटकोनात ठोकावा, तो आडवा आहे हे लेव्हल-बाटलीने पाहावे, आणि निरभ्र दिवशी, त्या भिंतीवर ऊन असताना, त्याच्या टोकाची सावली पेन्सिलने टिपून वेळ लिहावी. मग मॉडेलमध्ये तोच दिवस आणि तीच वेळ देऊन तेवढ्याच दांड्याची सावली मोजावी. समजा तो दिवस १५ ऑक्टोबर आणि वेळ ३:२० असेल, तर दक्षिणेच्या भिंतीवर टोकाची सावली दांड्यापासून ५१ सेंटिमीटर खाली आणि ५८ सेंटिमीटर पूर्वेला पडली पाहिजे. ती ३५ सेंटिमीटर खाली आणि ३३ सेंटिमीटर पूर्वेला पडली, तर भिंत १५ अंश पश्चिमेला फिरलेली आहे. सुताराला थांबवावे, मॉडेलमधली उत्तर दुरुस्त करावी आणि चौकटी पुन्हा मोजाव्यात.